आरशासमोरचा कठोर आवाज: कसं पाहायचं, काय लिहायचं, लक्ष कुठे वळवायचं

कपडे बदलताना किंवा तोंड धुताना आरशात नजर जाते आणि एकाच जागी अडकते. कुणाची पोटावर, कुणाची नाकावर, कुणाची दंडांवर, कुणाची विरळ होत चाललेल्या केसांवर. मग मनात असं एक वाक्य उमटतं, जे आपण दुसऱ्या कुणालाही तोंडावर म्हटलं नसतं. पुढचे कित्येक तास त्या वाक्याच्या मागे जातात. तुमचं असं होत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. माझी अडकण्याची जागा पोट होती, म्हणून खालची उदाहरणं बहुतेक पोटाचीच आहेत. तुमची जागा वेगळी असली तरी पद्धत तीच लागू पडते.

मी हे एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे शिकले. त्या सीबीटी पद्धतीने काम करतात, म्हणजे विचार आणि सवयी तपासून हळूहळू बदलायला शिकवणाऱ्या उपचाराने. तेव्हा सगळ्या पायऱ्या क्रमाने कुठेच लिहिलेल्या सापडल्या नाहीत, म्हणून इथे मांडते आहे. यात वजन कमी करण्याचा किंवा छान दिसण्याचा एकही उपाय नाही. शरीर आवडायला लागेल असं वचनही नाही. नजर कुठे थांबते, किती वेळ थांबते आणि तिच्यासोबत कोणते शब्द येतात, एवढंच यात बदलायचं आहे.

## सुरू करण्याआधी: कुणी हे एकट्याने करू नये

जेवण टाळणं, खाल्लेलं उलटून काढणं, खाल्ल्याची भरपाई म्हणून व्यायाम करणं यांपैकी काही चालू असेल, तर आरशाचा सराव घरी एकट्याने करू नका. तो ईटिंग डिसऑर्डरच्या उपचारांचाही भाग असतो, पण तिथे समोर तज्ज्ञ बसलेला असतो. दिसण्यातल्या एखाद्या दोषाचा विचार दिवसातला तासभर किंवा त्याहून जास्त वेळ खात असेल, आणि तो दोष इतरांना दिसतच नसेल किंवा अगदी किरकोळ वाटत असेल, तर ते बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर असू शकतं. त्यावर चांगले उपचार आहेत, पण तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. आणि जगणं नकोसं वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर हा लेख बाजूला ठेवा. आजच घरातल्या कुणाला तरी सांगा आणि तातडीची वैद्यकीय मदत घ्या.

## काय काय लागेल

- एक साधी वही आणि पेन. फोनवर लिहू नका. फोन हातात आला की पुढचा कॅमेरा आणि इतरांचे फोटो दोन्ही हाताशी येतात.
- डोक्यापासून पायापर्यंत एकदम दिसेल असा आरसा. नसेल तर कमरेपर्यंतचा चालेल. मोठं करून दाखवणारा आरसा अजिबात नको.
- वेळ लावायला घड्याळ.
- रोजचे, न आवळणारे कपडे. सुरुवात कपड्यांतच करायची आहे.

## १. आठवडाभर फक्त नोंद करा

पहिल्या आठवड्यात काहीही बदलायचं नाही. जेव्हा जेव्हा शरीराची ‘तपासणी’ होईल, तेव्हा चार गोष्टी लिहायच्या: कुठे, किती वेळ, मनात काय आलं, आणि अस्वस्थता ० ते १० मध्ये आधी किती होती आणि नंतर किती झाली.

तपासणी फक्त आरशात होते असं समजू नका. दुकानाच्या काचेत पाहणं, फोनच्या बंद स्क्रीनमध्ये चेहरा बघणं, बसल्या बसल्या पोटाची वळी चिमटीत धरणं, मनगटाभोवती बोटं लावून पाहणं, जुने फोटो काढून ताडून पाहणं, ‘मी जाड दिसते का गं?’ असं पुन्हा पुन्हा विचारणं, हे सगळं त्यातच येतं. शेजारून जाणाऱ्या माणसाच्या पोटाकडे नजर टाकून मनात तुलना करणं हेसुद्धा.

माझ्या वहीतली एक नोंद अशी होती: ‘संध्याकाळ, बाहेर जायच्या आधी. आरशासमोर, बाजूने वळून. पोट आत ओढलं, सोडलं, परत ओढलं. हाताने दाबून पाहिलं. पाचेक मिनिटं. विचार: हे असं घेऊन लोकांत कशी जाऊ. आधी ३, नंतर ७. कपडे बदलले, उशीर झाला.’

यातले शेवटचे दोन आकडे नीट बघा. आपण तपासतो ते बरं वाटावं म्हणून, ‘एवढं काही वाईट नाही’ अशी खात्री पटावी म्हणून. पण नोंदी वाचल्या की बहुतेक वेळा नंतरचा आकडा वर गेलेला दिसतो. २००७ मध्ये रॉझ शाफ्रन, क्रिस्तोफर फेअरबर्न आणि सहकाऱ्यांनी हेच प्रयोगात पाहिलं. ज्यांना खाण्याचा कोणताही आजार नव्हता अशा स्त्रियांना शरीर बारकाईने, दोष शोधत तपासायला लावलं, तेव्हा त्यांची शरीराबद्दलची नाराजी तेवढ्या वेळापुरती वाढली. म्हणजे नाराजी आहे म्हणून आपण तपासतो हे खरं, पण तपासण्याने नाराजी तयारही होते. हे तुमच्याच अक्षरात तुमच्याच वहीत दिसेपर्यंत पुढच्या पायरीला घाई करू नका.

## २. आरशाला काम, अंतर आणि वेळ ठरवून द्या

आता दिवसातल्या आरशाच्या भेटी आखायच्या. प्रत्येक भेटीला एक काम असलं पाहिजे: दात घासणं, केस विंचरणं, दाढी करणं, कपडे नीट बसले का ते पाहणं. काम संपलं की निघायचं. काम नसताना आरशासमोर उभं राहायचं नाही.

चेहऱ्यासाठी अंतर साधारण २ ते ३ फूट ठेवा, म्हणजे समोरच्याशी बोलताना असतं तेवढं. पूर्ण शरीरासाठी डोकं आणि पावलं एकाच वेळी दिसतील इतकं मागे या. अंतराचा मुद्दा महत्त्वाचा आहे. आरशाला नाक लावून पाहिलं की रंध्रं, डाग, केस एवढंच उरतं आणि बाकीचा चेहरा गायब होतो. जगात कुणीही आपल्याला त्या अंतरावरून पाहत नाही.

वेळेचं कारणही सांगते. २०११ मध्ये लंडनमध्ये डेव्हिड व्हील आणि सहकाऱ्यांनी बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर असलेल्या आणि नसलेल्या लोकांना आरशात पाहायला लावलं, एकदा काही सेकंद आणि एकदा दहा मिनिटं. आजार असलेल्यांना थोड्या वेळातही त्रास झाला. पण दहा मिनिटांनंतर ज्यांना काहीच आजार नव्हता, तेही अस्वस्थ झाले. त्याआधी २०१० मध्ये जोव्हानी कापुतो या इटालियन संशोधकाने मंद उजेडात लोकांना स्वतःच्या चेहऱ्याकडे दहा मिनिटं एकटक पाहायला सांगितलं, तेव्हा बऱ्याच जणांना चेहरा बदललेला, विचित्र, अगदी परक्या माणसाचा दिसू लागला. डोळे एकाच जागी रोखले की मेंदूला मिळणारं चित्र स्थिर राहत नाही. त्यामुळे ‘मी इतका वेळ नीट पाहिलं, म्हणजे मला दिसतं तेच खरं’ हा विश्वास आधी सोडावा लागतो. जास्त वेळ पाहिल्याने जास्त खरं दिसत नाही.

इथे एक सापळा आहे. काही जण यावर उपाय म्हणून आरसेच झाकून टाकतात, अंधारात कपडे बदलतात. दोन दिवस सुटल्यासारखं वाटतं. मग लिफ्टमध्ये किंवा कपड्यांच्या दुकानात अचानक आरसा समोर आला की धक्का दुप्पट बसतो, कारण मधल्या काळात मनाने स्वतःचं एक भयंकर चित्र रंगवलेलं असतं. टाळणं आणि टक लावून पाहणं ही एकाच त्रासाची दोन टोकं आहेत. कामापुरता, ठरलेल्या अंतरावरून, ठरलेल्या वेळेचा आरसा हा मधला रस्ता.

## ३. निवाडा न करता वर्णन करायला शिका

ही पायरी सगळ्यात अवघड आहे आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगाची. दिवसा, चांगल्या उजेडात, जेवणानंतर लगेच नाही आणि बाहेर जायच्या घाईतही नाही अशी वेळ निवडा. घड्याळ पाच मिनिटांवर लावा. पूर्ण शरीर दिसेल असे उभे राहा, पोट आत न ओढता. डोक्यापासून सुरुवात करून पावलांपर्यंत, जे दिसतं त्याचं मोठ्याने वर्णन करा. फोनच्या पलीकडे एक चित्रकार बसला आहे, त्याने तुम्हाला कधी पाहिलेलं नाही आणि तुमच्या शब्दांवरून तो चित्र काढणार आहे असं समजा. ‘घाणेरडं पोट’ ऐकून तो एक रेघही ओढू शकणार नाही. त्याला आकार, रंग, दिशा, पोत हवा आहे.

माझ्या पोटाचं पहिल्या दिवशीचं वर्णन मी मानसशास्त्रज्ञ बाईंसमोर असं केलं होतं: ‘पोट सुटलंय. लोंबतंय. वळ्या पडल्यात, किळस येते.’ त्यांनी प्रत्येक वाक्यावर एकच प्रश्न विचारला: ‘चित्रकाराने काय काढायचं?’ हळूहळू ते असं झालं:

‘फासळ्यांच्या खाली पोट पुढे गोलसर येतं. बेंबीच्या पातळीवर सर्वात पुढे असतं, तिथून खाली परत आत वळतं. बेंबी आडवी, लहान आहे. बेंबीच्या खाली एक आडवी घडी आहे, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जाणारी. त्वचेचा रंग हातांपेक्षा उजळ. डाव्या बाजूला चार-पाच पांढरट रेषा, बोटाच्या पेराएवढ्या लांब. श्वास घेतला की सगळंच थोडं पुढे येतं.’

दोन्ही वर्णनं एकाच पोटाची आहेत. दुसऱ्यात काही लपवलेलं नाही, घडी आहे, रेषा आहेत. ‘माझं पोट छान आहे’ असा खोटेपणाही नाही. तो करूच नका. मनाला तो लगेच कळतो आणि ते आणखी जोरात उलट बोलतं.

दोन नियम पाळा. पहिला, प्रत्येक भागाला सारखा वेळ. डोकं, मान, खांदे, हात, छाती, पोट, कंबर, मांड्या, गुडघे, पावलं. नावडत्या भागावर नजर चिकटू लागली की तिला पुढच्या भागावर न्या, आणि नावडता भाग पूर्ण गाळूही नका. यामागे ठोस कारण आहे. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठातल्या अनिता यान्सेन यांनी २००५ मध्ये लोकांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या. खाण्याच्या आजाराची लक्षणं असलेल्यांची नजर स्वतःच्या शरीरात नावडत्या भागांवर आणि दुसऱ्याच्या शरीरात सुंदर भागांवर जास्त थांबत होती. लक्षणं नसलेल्यांचं नेमकं उलट होतं. म्हणजे तुलना सुरू व्हायच्या आधीच तिचा निकाल नजरेने लावलेला असतो. सारखा वेळ देण्याचा नियम त्या सवयीला छेद देतो.

दुसरा नियम, निवाड्याचा शब्द तोंडातून निघाला तर स्वतःला रागावायचं नाही. थांबायचं आणि तेच वाक्य आकार-रंगाच्या शब्दांत पुन्हा म्हणायचं. ‘बेढब’ हा निवाडा आहे. ‘उजव्या खांद्यापेक्षा डावा खांदा थोडा खाली’ हे वर्णन. ‘जाड’ हा शब्द काहींना वर्णन वाटतो, पण तो उच्चारताना पोटात गोळा येत असेल तर तुमच्यासाठी तो निवाडाच आहे.

अस्वस्थता आधी वाढेल. तीनवरून सहावर जाणं ठीक आहे, पाच मिनिटांत ती पूर्ण उतरली पाहिजे असंही नाही. दिवसाआड एकदा पुरे. काही वेळा केल्यावर सुरुवातीचा आकडाच कमी दिसू लागला, तर सराव लागू पडतो आहे. पण प्रत्येक वेळी अर्ध्या-पाऊण तासानंतरही आकडा वरच राहत असेल, झोप किंवा जेवण बिघडत असेल, तर ही पायरी थांबवा. ती तज्ज्ञासोबत करायची आहे असं समजा आणि थेट पुढच्या पायरीकडे जा. तिला आरसा लागत नाही.

## ४. पंधरा-पंधरा मिनिटांच्या तीन लेखन-बैठका

आतापर्यंत आपण शरीर कसं दिसतं याच प्रश्नात होतो, फक्त कमी कठोर भाषेत. आता प्रश्नच बदलायचा: हे शरीर करतं काय?

ही पद्धत जेसिका अलेव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मास्ट्रिख्टमध्ये तयार केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात स्वतःच्या शरीराबद्दल नाराज असलेल्या १८ ते ३० वयाच्या ८१ स्त्रिया होत्या. एका गटाने शरीराच्या कामांबद्दल आणि ती आपल्यासाठी का मोलाची आहेत याबद्दल पंधरा-पंधरा मिनिटांचे तीन लेख लिहिले. दुसऱ्या गटाने तेवढाच वेळ वेगळंच काही लिहिलं. पहिल्या गटाचं शरीराबद्दलचं समाधान वाढलं आणि आठवड्यानंतरही टिकलं होतं. आठवडा म्हणजे काही वर्षं नव्हेत, आणि हा गंभीर आजारावरचा उपचारही नव्हे. पण पाऊण तासाच्या लिखाणासाठी हे कमी नाही.

एका आठवड्यात, मध्ये एक-दोन दिवस सोडून तीन बैठका करा. त्यांत मिळून सहा प्रकारची कामं यायला हवीत.

पहिली बैठक: इंद्रियं आणि हालचाल. पाहणं, ऐकणं, चव, स्पर्श. चालणं, उचलणं, वाकणं, ताणणं.

दुसरी बैठक: आत चालणारी कामं आणि नवं काही घडवणं. पचन, जखम भरणं, ताप उतरणं. आणि गाणं, नाचणं, चित्र काढणं, शिवणं.

तिसरी बैठक: स्वतःची काळजी आणि इतरांशी संवाद. झोप, आंघोळ, विश्रांती. बोलणं, मिठी, रडणं, हसणं, डोळ्यांनी खूण करणं.

प्रत्येक बैठकीत दोन-तीनच कामं निवडा आणि प्रत्येकाबद्दल दोन गोष्टी लिहा: ते नेमकं कसं घडतं, आणि ते घडलं नसतं तर माझ्या आयुष्यातलं काय राहिलं असतं. दुसरा भाग वगळला की शाळेतल्या विज्ञानाच्या वहीसारखा मजकूर होतो आणि मन हलत नाही. पहिला वगळला की ‘माझे पाय खूप छान काम करतात’ अशी पोकळ वाक्यं येतात.

अडकण्याच्या जागेबद्दल निदान एकदा तरी लिहा. पोटाबद्दल मी लिहिलेलं इथे देते, भाषा तेव्हाचीच आहे:

‘मी श्वास घेते तेव्हा फासळ्यांखालचा पडदा खाली सरकतो, आतल्या अवयवांना जागा हवी असते म्हणून पोट पुढे येतं. मी ते दिवसभर आत ओढून धरते, म्हणजे त्या पडद्याला खाली येऊच देत नाही. गाताना माझा श्वास तोकडा पडतो तो यामुळेही असेल. मी हात वर उचलते, तर हात हलायच्या किंचित आधीच पोटाचा खोलवरचा स्नायू आवळला जातो, पाठीला आधार द्यायला. मला ते कधी कळलंच नाही. काल वरच्या फळीवरून डबा काढला तेव्हाही त्याने ते केलं असणार. आतड्याच्या आतलं अस्तर काही दिवसांत नवं होत राहतं. बहिणीशी बोलताना हसून हसून पोट दुखलं होतं, ते हसणं या स्नायूंनीच बाहेर ढकललं. ते नसतं तर मी हसले असते, पण आवाजाशिवाय.’

हे लिहून मला पोट सुंदर वाटायला लागलं नाही. पण त्यानंतर आरशात पोटाकडे नजर गेली की पहिल्या वाक्याच्या मागे दुसरंही एक वाक्य यायला लागलं, आणि आत ओढून धरलेलं पोट मी दिवसातून कितीतरी वेळा सोडून देऊ लागले.

आजारपण, अपंगत्व किंवा सततचं दुखणं असेल तर ‘शरीर काय करतं’ हा प्रश्न जखमेवर मीठ वाटू शकतो. तरीही तो बाद होत नाही. अलेव्हांच्याच गटाने २०१८ मध्ये संधिवाताचा एक प्रकार, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असलेल्या स्त्रियांसोबत ही पद्धत तपासली आणि तिथेही शरीराकडे पाहण्याची दृष्टी सुधारली. अशा वेळी हालचालीचा विषय बाजूला ठेवा. इंद्रियं, झोप, बोलणं, स्पर्श इथून सुरुवात करा. जे गेलं त्याचं दुःखही लिहा; बोटं आखडली आहेत हे लिहून मग त्याच बोटांना मुलाच्या केसांचा स्पर्श कळतो हे लिहिता येतं. पहिलं दडपून दुसरं लिहिलं तर ते खरं वाटत नाही.

## ५. एखादं काम करताना लक्ष आत न्या

लिखाण संपलं की ते रोजच्या एका कृतीला जोडा. एकच कृती निवडा, पाच-दहा मिनिटांची, आणि ज्यात शरीर दिसत नाही पण जाणवतं अशी: जिना चढणं, भांडी घासणं, आंघोळ, चालणं. त्या वेळात ‘मी कशी दिसत असेन’ हा प्रश्न येणारच. आला की एखादी ठोस संवेदना शोधायची. जिना उतरताना मांडीचा पुढचा भाग ब्रेक लावतो, तो ताण जाणवतो का? पाऊल टेकताना टाच आधी लागते की चवडा?

बाहेरून स्वतःला पाहत जगण्याची ही सवय बार्बरा फ्रेड्रिक्सन आणि टोमी-ॲन रॉबर्ट्स यांनी १९९७ मध्ये सविस्तर मांडली. ज्या शरीराकडे सतत निरखून पाहिलं जातं, त्याच्याकडे माणूस हळूहळू स्वतःही निरीक्षकाच्या नजरेने पाहू लागतो, आणि मग भूक, थकवा, धडधड यांसारख्या आतल्या खुणा क्षीण ऐकू येतात. या पायरीचा हेतू त्या खुणांकडे कान देणं हा आहे. भूक लागली, थकवा आला, लघवीला जायचं आहे हे लवकर कळू लागणं, ही माझ्या मते प्रगतीची सर्वात विश्वासार्ह खूण.

## सरावात बिघडतं कुठे

सगळ्यात जास्त बिघडतं ते ‘काम’ या कल्पनेची ‘कामगिरी’ होते तेव्हा. किती पावलं चाललो, किती वजन उचललं, किती वेळ पळालो, याची मोजणी सुरू होते. आरशातला न्यायाधीश तोच असतो, फक्त हातातली पट्टी बदललेली असते. ओळखायचं असं: त्या दिवशी ते काम जमलं नाही तर अपराधी वाटतं का? वाटत असेल तर मोजणी बंद करा आणि झोप, स्पर्श, चव अशा न मोजता येणाऱ्या कामांकडे परत या.

दुसरा बिघाड कृतज्ञतेच्या सक्तीचा. ‘लोकांना पाय नसतात, तुला आहेत, तरी तू रडतेस’ हे वाक्य मनातून आलं किंवा जवळच्या माणसाकडून आलं, तरी ते मदत करत नाही. दुसऱ्याच्या उणिवेवर उभं राहून स्वतःचं शरीर आवडत नाही. वहीत आभार मानू नका, जे घडतं ते लिहा.

आणि घरातले बोलणारच. ‘किती सुटलीस’, ‘किती वाळलास’ हे काळजीने म्हटलेलं असतं तरी लागतं. आईला किंवा मावशीला पटवून देण्यात शक्ती घालवण्यापेक्षा एक वाक्य तयार ठेवा आणि दर वेळी तेच, त्याच आवाजात म्हणा: ‘आई, माझ्या अंगाबद्दल नको ना बोलू, दुसरं काहीतरी बोल.’ पहिल्यांदा ती चिडेल. चौथ्या-पाचव्यांदा विषय बदलते.

## ६. मदत घ्यायची झाली तर

महिना-दीड महिना नेमाने करूनही तपासण्या कमी झाल्या नाहीत, दिसण्यामुळे कामावर किंवा लोकांत जाणं टाळलं जात असेल, दोष दुरुस्त करण्यासाठी एकामागून एक त्वचेचे उपचार किंवा शस्त्रक्रिया करून घ्याव्याशा वाटत असतील, तर तज्ज्ञाकडे जा. शस्त्रक्रियेबद्दल जरा स्पष्ट सांगते: बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर असेल तर तिने त्रास सहसा कमी होत नाही, काळजी तिथेच राहते किंवा दुसऱ्या भागावर सरकते. आधी मानसोपचारतज्ज्ञ, मग बाकीचे. त्या आजारावर सीबीटी आणि एसएसआरआय गटातली, म्हणजे नैराश्य आणि चिंतेवरही दिली जाणारी औषधं, दोन्हींचा उपयोग होतो.

पहिल्या भेटीत लाज वाटते आणि माणूस ‘जरा टेन्शन आहे’ एवढंच बोलून परत येतो. म्हणून या गोष्टी सोबत न्या:

- पहिल्या पायरीची नोंदवही.
- दिवसातला किती वेळ दिसण्याच्या विचारांत आणि तपासण्यांत जातो, त्याचा अंदाज एका ओळीत.
- दिसण्यामुळे काय काय सोडलं त्याची यादी: समारंभ, फोटो, पोहणं, जवळीक, नोकरीची मुलाखत.
- खाणं, उलट्या, व्यायाम, झोप यांबद्दल जे खरं आहे ते.
- चालू औषधं आणि आधी केलेले उपचार.

बोलता येत नसेल तर वहीचं पान उघडून समोर ठेवा आणि म्हणा, ‘हे वाचा, मग मला प्रश्न विचारा.’ मी तसंच केलं होतं. समोरचा माणूस ‘तुम्ही तर चांगल्या दिसता, काही काळजी करू नका’ एवढं बोलून वही मिटत असेल, तर दुसऱ्या तज्ज्ञाची वेळ घ्या आणि तीच वही घेऊन जा.